चौथ्या धड्याचा लाल पट्टा

कौस्तुभला एखादी गोष्ट पटली की तो खुर्ची मागे ढकलतो. त्या सकाळी त्याने ती इतकी ढकलली की ती भिंतीला लागली, आणि अक्षयाला कळलं की निकाल लागला.

"हे बघ," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "चौथा धडा. तीन मिनिटं दहा सेकंदांपासून तीन पंचावन्नपर्यंत. नुसता लालभडक. लोकांना कळत नाहीये. हा भाग पुन्हा शूट करायचा, आणि अक्षया, वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरा, तरुण माणूस घेऊन करायचा."

वाईट वाटून घेऊ नकोस असं सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं की वाईट वाटणार आहे. चौथ्या धड्यातला माणूस अक्षयाचा बाप होता.

कुडाळला स्टेशनच्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर या दोघांचा छोटा स्टुडिओ आहे. पुण्यात पाच वर्षं ऑनलाइन कोर्सच्या कंपनीत काढून अक्षया परत आली, ती याच कामासाठी. शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेने त्यांना काजूच्या कलमांचा कोर्स करायला दिला होता. सात धडे, सगळे मोबाइलवर बघण्याजोगे. पहिल्या तुकडीला एकशे चाळीस जण, त्यांत निम्म्याहून जास्त बायका, बचत गटांच्या. आणि शिकवणारे तिचे अप्पा. चाळीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधून निवृत्त झालेले. त्यांनी बांधलेली शंभरातली नव्वद कलमं जगतात, आणि उरलेली दहा का मेली ते त्यांना सांगता येतं. अक्षया हे कोणालाही सांगायची, विचारलेलं नसलं तरी.

आता संस्थेने दुसरी तुकडी जाहीर केली होती. त्याआधी कुठले धडे पुन्हा घ्यायचे, कुठले छाटायचे ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. शूटिंगला एकच दिवस मिळणार होता, गुरुवार. कारण नंतर चतुर्थी, आणि चतुर्थीत सिंधुदुर्गात कॅमेऱ्यासमोर उभा राहायला माणूस मिळवून दाखवावा. चतुर्थी होईपर्यंत कलमाच्या काड्यांचा ऐन हंगामही सरत आला असता.

"घाई नको," अक्षया म्हणाली. "लाल म्हणजे कळलं नाही असं नसतं. लाल म्हणजे पुन्हा पुन्हा बघितलं. एवढंच."

हे तिने तोंडघशी पडून शिकलेलं होतं. हीटमॅप म्हणजे व्हिडिओच्या लांबीची एक पट्टी. शिकणारा जो भाग एकदा बघतो तो हिरवा, पुन्हा बघतो तो पिवळा, मग नारिंगी, मग लाल. ओलांडून गेला तो भाग पांढरा. प्रत्येक शिकणाऱ्याची अशी वेगळी पट्टी असते, आणि सगळ्यांची मिळून एक. पट्टीला माणसाचा चेहरा नसतो. आवडलं म्हणून मागे गेला, की डोक्यात शिरलं नाही म्हणून, हे ती सांगत नाही. ते बघणाऱ्याला शोधावं लागतं, आणि शोधायचा कंटाळा आला की माणसं खुर्ची मागे ढकलतात.

"पाचवा धडाही लाल आहे," ती म्हणाली. "पट्टी गुंडाळायचा. तो का नको बदलायला?"

"तो फिका लाल आहे."

"तसं नाही. लोक टिकलेत का ते बघ."

तिने दोन आकडे शेजारी शेजारी लावले. एक, तो सेकंद एकूण किती वेळा बघितला गेला. दुसरा, किती वेगवेगळ्या माणसांनी बघितला. पाचव्या धड्यात कलमाच्या जोडावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायचा भाग शंभर माणसांमागे एकशे नव्वद वेळा बघितला गेला होता, पण माणसं कमी झाली नव्हती. बघत होती, हातात रोप धरून गुंडाळत होती, चुकलं की मागे जात होती आणि मग पुढे धडा संपवत होती. तो लाल रंग कामाचा होता.

मग तिने चौथ्या धड्याचे तेच आकडे काढले. तीन दहाला एक्याऐंशी माणसं होती. तीन पंचावन्नला उरली बावन्न. पंचेचाळीस सेकंदांत एकोणतीस जण गेले. आणि गेलेल्यांपैकी बहुतेकांनी तो तुकडा तीन तीन, चार चार वेळा बघून मग धडा सोडला होता. हा लाल रंग कामाचा नव्हता. इथे माणसं अडत होती.

कौस्तुभने आकडे पुन्हा एकदा ताडून बघितले. तो वाईट माणूस नाही, आणि या वेळी तो बरोबर होता.

"आणि हा बघ," थोड्या वेळाने तोच हसत म्हणाला. त्याने एकेका शिकणाऱ्याच्या पट्ट्या उघडल्या होत्या. तिथे नावं नसतात, नोंदणी क्रमांक असतात. नावांची यादी वेगळी ठेवलेली. "एकशे अठरा नंबर. सहा वेळा धडा उघडलाय, आणि सहाही वेळा बरोब्बर तीन दहाला बंद. पुढे एक सेकंद नाही. याचा फोन तिथेच गचके खातो वाटतं!"

पट्टी खरंच गमतीची होती. सुरुवातीपासून तीन दहापर्यंत लालबुंद, पुढे पांढरीशुभ्र, सुरीने कापावी तशी. अक्षया हसली नाही. तीन दहाला काय होतं हे तिला पडदा न बघताही ठाऊक होतं. तीन दहाला अप्पा काडी तासायला चाकू हातात घेत होते.

कुठल्या हातात, हा प्रश्न होता.

अप्पा डावखुरे. जेवायचे उजव्याने, सही उजव्याने, कारण लहानपणी शाळेत मास्तरांनी पट्टीने मारून तेवढं जमवलं होतं. पण चाकू हातात आला की तो डाव्याच हातात जायचा. रोपवाटिकेत त्यांना डावरो अप्पा म्हणायचे, आणि त्यात कोणाला काही वाटत नसे.

अक्षया दहा वर्षांची असताना एका कृषी मेळाव्यात अप्पांना मंचावर कलम बांधून दाखवायला बोलावलं होतं. नवा सदरा घालून गेले होते. त्यांनी चाकू उचलला, आणि कोणीतरी मोठा पाहुणा माइकवरून म्हणाला, "अहो, शुभकार्य आहे, उजव्या हाताचा कोणी नाही का?" लोक हसले. अप्पा पण हसले, चाकू खाली ठेवून मंचावरून उतरले. दुसऱ्या कोणी कलम बांधलं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अक्षयाने मान खाली घातली. तिला बापाची लाज वाटली होती, घटकाभरच, पण वाटली होती. ती घटका काही तिच्या मनातून गेली नाही.

म्हणून चौथ्या धड्याचं संकलन करताना तिने तो पंचेचाळीस सेकंदांचा तुकडा उलटा केला. एका बटणाचं काम. डावं ते उजवं, उजवं ते डावं. अप्पा पडद्यावर उजव्या हाताने कापू लागले. बाकीच्या धड्यांत कुठे चाकू नव्हता, त्यामुळे पुढे काही करावं लागलं नाही. कौस्तुभला सांगितलं नाही, अप्पांना तर नाहीच. कोणी हसायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. कोर्स सुरू झाल्यावर तिने एकदा विचारलं होतं, "अप्पा, तुमी धडे बघलात?" तर ते म्हणाले, "हय नेट खंय येता?" आणि शेडकडे गेले. तिला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

पण त्या उलटवण्याने माणसं का अडावीत, हे तिला कळेना. उजव्या हाताच्या माणसांना उजवा हात दाखवला, मग तर सोपं व्हायला हवं. अप्पांचेच हात आता थकलेत, असंच असेल का? सत्तरीला टेकलेला माणूस. कौस्तुभ म्हणतो तसा एखादा तरुण आणावा का? आणि ते अप्पांना सांगायचं कोणी? दुसऱ्यांदा मंचावरून उतरा, आणि या वेळी ते माइकवरून लेकच म्हणणार.

अंदाजावर तिला हे करायचं नव्हतं. तिने यादी उघडली आणि तो तुकडा सगळ्यांत जास्त वेळा बघून शेवटी धडा पूर्ण केलेल्या बाईचं नाव शोधलं. बावीस नंबर. अकरा वेळा मागे गेलेली, मग पुढचं सगळं हिरवंगार, आणि पंचवीस दिवसांनी पाठवायचा कलमाचा फोटोसुद्धा पाठवलेला, नवी पालवी फुटलेला. नाव नर्मदा. फोन केला तर बाई म्हणाली, "बुधवारी बाजाराक येतंय गो, रोपां घेवन. थंयच भेट."

"सोमवारी कळवायचं आहे," कौस्तुभने आठवण केली.

"बुधवारी कळवू. गुरुवारचा दिवस आपला आहेच. तुझा तरुण माणूस तयार ठेव, मी अडवत नाही."

हे म्हणताना तिला फार जड गेलं. पण तिने म्हटलं, आणि संस्थेला फोन करून दोन दिवस मागूनही घेतले.

कुडाळच्या आठवडा बाजारात भाजीवाल्यांच्या पलीकडे नर्मदा बसली होती. पन्नाशीची, ठणठणीत. पुढ्यात काळ्या पिशव्यांतली तीसेक काजूची कलमं, सगळी स्वतः बांधलेली. अक्षयाने एक उचलून जोड बघितला. काडीच्या टोकाची पाचर नीट तासलेली, रोपाच्या फटीत चपखल बसलेली. बापाच्या हातची म्हणून खपली असती.

"अकरा वेळा बघितलात तुम्ही तो भाग," अक्षया म्हणाली. "मग जमलं कसं?"

नर्मदा चमकली. "तुका कसा म्हायत?" मग स्वतःच हसली. "सरळ बघून जमाक नाय. मी समोर बसतंय, तो काडी धरता, चाकू वडता, आणि माझो हात भलतीकडेच जाता. पाचर एका बाजून जाड, एका बाजून पातळ. धा काड्ये फुकट घालवलंय. वैताग इलो."

"आणि मग?"

"मगे आरसो लावलंय."

"आरसा?"

"माझो घोव दाढी करता तो. खिळ्याक लावलेलो. मोबाइल त्याच्याम्होरे धरलंय नि आरशात बघलंय. बघतंय तर सगळा जाग्यार! त्याचो चाकू माझ्या चाकवाच्या समोर, त्याची काडी माझ्या काडयेच्या समोर. जसो मीच आरशात बघतंय." ती जराशी पुढे वाकली. "आणि आणखी एक सांगू? सदऱ्याचो खिसो. मोबाइलात बघशीत तर खिसो त्याच्या उजवे बाजूक. पुरुषांच्या सदऱ्याक उजवे बाजूक खिसो कधी आसता? आरशात तो डावीकडे इलो. तेवाच वळाकलंय, ह्यो माणूस डावरो आसा, नि कोणीतरी मुद्दाम उलटो केलेलो आसा."

बाजारात नारळवाला ओरडत होता, कोणीतरी पायाला टोपली लावून गेलं, आणि अक्षया तिथेच उकिडवी बसून राहिली. आता सगळं तिच्या ध्यानात आलं. समोरासमोर बसलेला उजवा माणूस काय करतो ते शिकणाऱ्याला मनात उलटवून घ्यावं लागतं. त्याचा चाकूचा हात तुमच्या डाव्या बाजूला येतो. पण समोर डावखुरा बसला तर त्याचा चाकूचा हात बरोबर तुमच्या चाकूच्या हातासमोर येतो. शिकणाऱ्याने नुसतं आरशासारखं करत जायचं. एकशे चाळीस जणांना उत्तम गुरू मिळाला होता, आणि त्याचा गुण त्याच्याच लेकीने एका बटणाने काढून टाकला होता.

"माझोच बापूस तो," ती म्हणाली. बोलता बोलता तिची मालवणी परत आली होती. "आणि उलटो मीयाच केलंय."

नर्मदाने तिच्याकडे नीट बघितलं. "कित्याक गो?"

"लोक हसतीत म्हणान."

"हसतले कित्याक?" नर्मदाने पुढ्यातल्या कलमांवरून हात फिरवला. "ही सगळी त्याच्याच हातची. जगली ना?"

स्टुडिओत येऊन अक्षयाने कौस्तुभला सगळं सांगितलं. मेळाव्याचंही सांगितलं. तो खुर्ची मागे न ढकलता बसून राहिला, मग म्हणाला, "मूर्ख आहेस," आणि दोघांसाठी चहा सांगितला. मग दोघांनी चाचणी घेतली. उलटवलेला आणि मूळ, दोन्ही तुकडे पडद्यावर लावून कौस्तुभने समोर बसून खडूच्या कांडीची पाचर तासली. उलटवलेल्यासमोर दोन कांड्या मोडल्या. मूळ तुकड्यासमोर पहिलीच कांडी दोन्ही बाजूंनी सारखी उतरली. कौस्तुभने आयुष्यात चाकूने पेन्सिललाही टोक केलं नव्हतं.

"तुझ्या अप्पांना कोणी बदलायचं नाही," तो म्हणाला, जसं काही बदलायचं दुसरंच कोणी म्हणत होतं.

तुकडा सरळ करून धडा पुन्हा चढवला. जुन्या व्हिडिओच्या जागी नव्हे, तर वेगळा नवा म्हणून, म्हणजे जुने आकडे नव्यांत मिसळणार नाहीत आणि खरं काय ते कळेल. सुरुवातीला अक्षयाच्या आवाजात एक ओळ घातली: 'अप्पा डावखुरे आहेत. तुम्ही उजवे असाल तर आरशात बघताय असं समजून समोर बसा. डावखुरे असाल तर मोबाइल खरोखरच आरशासमोर धरा.' धडा सोडून गेलेल्या एकोणतीस जणांना निरोप पाठवला.

आणि गुरुवार? गुरुवार वाया गेला नाही. दुसऱ्या धड्याची पट्टी बघितली तर साडेआठ मिनिटांतली सहा मिनिटं पांढरी होती. झाडाच्या सालीखालचा जिवंत थर, जोड कसा एकजीव होतो, वगैरे वगैरे. बोलणारी बाई फार शहाणी, शब्द फार अवघड, आणि लोक सरळ उड्या मारून पुढे. ती बाई अक्षया होती. तिने स्वतःची सहा मिनिटं छाटली, आणि गुरुवारी अप्पांना एक काडी उभी चिरून आतला हिरवा थर नखाने दाखवायला लावला. दीड मिनिटात झालं. बापाच्या जागी दुसरा माणूस आणायला निघालेलं शूटिंग शेवटी लेकीच्या जागी बापाला आणून संपलं, आणि याचा तिला जो आनंद झाला तो पुण्याच्या पाच वर्षांत एकदाही झाला नव्हता.

मात्र ते उलटवण्याचं अप्पांना सांगायला तिला त्या दिवशीही धीर झाला नाही.

आठ दिवसांनी आकडे आले. एकोणतिसांतले तेवीस परतले, आणि तेविसांतल्या एकवीस जणांनी धडा शेवटपर्यंत बघितला. तीन दहा ते तीन पंचावन्न पूर्वी शंभर माणसांमागे दोनशे साठ वेळा बघितला जायचा, तो आता एकशे चाळीसवर आला. लाल गेलं, नारिंगी उरलं, आणि नारिंगी चालतं. हातात चाकू असलेला माणूस एकदा तरी मागे जाणारच. कौस्तुभने ते चित्र संस्थेला पाठवलं, आणि खाली कोणीही न विचारता लिहिलं, 'शिक्षक तेच राहतील.'

एकच पट्टी विचित्र होती. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत लाल, कुठे हिरव्याचा ठिपका नाही. कोणीतरी सबंध धडा बारा वेळा बघितला होता.

"हा बघ, एकशे अठरा," कौस्तुभ म्हणाला. "तीन दहाचा माणूस. याचा फोन सुधारला."

अक्षयाने यादी उघडली. एकशे अठराच्या पुढे मोबाइल नंबर तिच्या आईचा होता. नाव होतं अप्पांचं, स्वतःच्या हाताने नोंदवलेलं, पूर्ण, आजोबांच्या नावासकट.

म्हणजे नेट येत होतं. सहा वेळा त्यांनी धडा लावला होता, सहाही वेळा चाकू भलत्या हातात दिसला होता, आणि सहाही वेळा त्यांनी बंद केला होता. लेकीला एका शब्दाने विचारलं नव्हतं. पूर्वी मंचावरून उतरले तसेच उतरले होते, हसत. आणि ती पट्टी इतके दिवस तिच्या डोळ्यांसमोर होती.

ती त्या दिवशी लवकर घरी गेली. अप्पा मागच्या शेडमध्ये पाटावर बसले होते, पुढ्यात रोपं, डाव्या हातात चाकू. ती समोर जाऊन बसली.

"अप्पा, मीया चुकलंय. तुमचो हात लपवक नको होतो. माका तुमची लाज नाय. तुमचो अभिमान आसा, आणि तो मी सगळ्या जगाक सांगतंय, तुमकाच सांगूक इसारलंय."

अप्पांनी काडी संपवली, पाचर बोटाने तपासली, आणि मगच वर बघितलं.

"खिसो उजवीकडे गेलो तेवाच माका कळला," ते म्हणाले. "म्हटलंय, पोरीक बरा दिसता ना, रवांदे."

"आता बारा वेळा बघलात."

"बघूक होया ना, हात बरोबर चलता काय ता." ते जरा लाजले. "चाळीस वर्सां कापलंय, पण समोरसून कधी बघूक नाय होतंय."

"मगे? चलता?"

अप्पांनी डावा हात पुढे धरून, उलटसुलट करून बघितला.

"बरो चलता," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरा चाकू धार बघून तिच्यापुढे ठेवला आणि एक काडी दिली. अक्षयाने उजव्या हातात चाकू घेतला. इतक्या वर्षांत ती बापाच्या बाजूला बसली होती, मागे उभी राहिली होती, पण समोर बसून कधी शिकली नव्हती. अप्पांनी चाकू टेकवला, तिने टेकवला. त्यांनी ओढला, तिने ओढला.

पाचर दोन्ही बाजूंनी सारखी उतरली.